सादळलेला कान

जुलैत टोपलीतला कांदा सोलायला घेतला की वरच्या दोन पापुद्र्यांच्या मधे काजळीसारखी काळी पूड दिसते. बोटाला लागते, फुंकर मारली की उडते. घरोघरी तो पापुद्रा काढून टाकतात, कांदा नळाखाली धरतात आणि चिरायला लागतात. ही पूड म्हणजे अ‍ॅस्परजिलस नायजर नावाच्या बुरशीचे बीजाणू. आणि पावसाळ्यात खाजणाऱ्या, बंद झालेल्या कानात कान-नाक-घसा तज्ज्ञ दुर्बिणीतून डोकावतात तेव्हा पुष्कळदा त्यांना हीच पूड दिसते. पांढुरक्या, कापसासारख्या थरावर काळे ठिपके. पावसात भिजलेल्या वर्तमानपत्राचा बोळा कुणी कानात कोंबलाय असं वाटावं, आणि डॉक्टरांच्या पाठ्यपुस्तकांत खरोखरच या दृश्याला ओल्या वर्तमानपत्राची उपमा दिलेली असते.

या आजाराला वैद्यकीय भाषेत ऑटोमायकोसिस म्हणतात. साध्या शब्दांत, कानाच्या नळीत आलेली बुरशी. पावसाळ्यात कोकणपट्टीत आणि गोव्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाऊन बसते. पापड सादळतात, चपलांना बुरा येतो, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी लव उगवते. कानाची नळी ही तर शरीरातली सगळ्यांत अंधारी, उबदार आणि एका बाजूनं बंद असलेली बोळकांडी. तीही सादळते.

हे कसं घडतं आणि कसं निस्तरावं लागतं ते समजायला चिपळूणमधल्या एका खानावळवाल्या बाईंचं उदाहरण घेऊ. वय त्रेचाळीस. पहाटे उठून डोक्यावरून आंघोळ, ओल्या केसांचाच अंबाडा, वर फडका बांधलेला, तो कानांवरून गेलेला. मग दुपारी तीनपर्यंत भाताच्या आणि आमटीच्या वाफेत उभं राहायचं. जूनच्या शेवटच्या आठवड्यात त्यांचा उजवा कान खाजायला लागला. खाज आत, खोलवर. करंगळी पोचत नाही तिथं. मग अंबाड्यातली पिन निघाली. पिनेच्या वळलेल्या टोकानं आत कोरलं की क्षणभर स्वर्ग, आणि पाच मिनिटांनी कंड दुप्पट.

चार दिवसांनी सासूबाईंनी लसूण टाकून कडवलेलं खोबरेल कोमट करून कानात घातलं. आठवड्याभरात कानाला दडा बसला. गिऱ्हाईक काय मागतंय ते दोनदा विचारावं लागायला लागलं. मग औषधाच्या दुकानातून थेंब आले. ते घातल्यावर तीन दिवसांत खाज थांबली, बाई खूश झाल्या. आणि दहाव्या दिवशी खाज परत आली ती पहिल्यापेक्षा जास्त. पिन, तेल, दुकानातले थेंब: जुलै-ऑगस्टमध्ये कानाच्या दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांची कहाणी बहुतेक याच तीन थांब्यांवरून आलेली असते, आणि या तीनही थांब्यांवर बुरशीला मदतच झालेली असते.

ती कशी, हे कळायला आधी कानातला मळ काय काम करतो ते पाहायला हवं.

मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांबीची असते आणि ती सरळ नसते, किंचित नागमोडी असते. बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा. तिथं बारीक केस असतात आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथीही तिथंच असतात. आतला दोन तृतीयांश भाग हाडाचा. तिथली कातडी इतकी पातळ आणि हाडाला इतकी चिकटलेली असते की कापसाच्या काडीचा धक्काही तिला सोसत नाही. नळीच्या टोकाला पडदा. आपण ज्याला मळ म्हणून नावं ठेवतो तो खरं तर कातडीवरचा मेणकट लेप आहे. तो पाणी धरू देत नाही, किंचित आम्लधर्मी असतो, आणि जंतूंना व बुरशीला तिथं घर करणं अवघड करतो.

नळीची कातडी आणखी एक काम गुपचूप करत असते. ती सरकते. पडद्यापासून बाहेरच्या दिशेनं, साधारण नखं वाढतात त्या गतीनं, आणि सरकताना आपल्याबरोबर जुना मळ, धूळ, मेलेल्या पेशी दाराशी आणून टाकते. म्हणजे कान स्वतःच केर काढतो. आपण काडी घालून तो केर पुन्हा आत लोटतो.

आता खानावळवाल्या बाईंच्या कानाकडे पुन्हा बघा. रोजच्या पाण्यानं आणि वाफेनं कातडी फुगली, मळाचा लेप धुऊन निघाला. पिनेनं उरलासुरला लेप खरवडला आणि कातडीवर ओरखडे उठले. बुरशीचे बीजाणू तर हवेत सगळीकडे असतात. प्रत्येकाच्या कानात ते रोज जातात आणि कोरड्या, मेणकट कातडीवर रुजू न शकल्यानं वाया जातात. इथं मात्र त्यांना ओल मिळाली, ऊब मिळाली आणि ओरखड्यांतून झिरपणारं खाद्य मिळालं. वरून तेलाचा चिकट थर बसला. तेल ना वाळत, ना बाहेर येत. सुटलेली कातडी आणि बुरशी त्यात कालवली जाते आणि नळीत बूच तयार होतं. लसणात बुरशीला रोखणारी द्रव्यं असतात हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे, पण कडवलेल्या तेलात ती किती उरतात हा एक प्रश्न आणि बुचाच्या पलीकडे ती पोचतात का हा दुसरा.

दुकानातल्या थेंबांची गोष्ट जास्त फसवी आहे. कान दुखतो म्हणून सांगितलं की बहुतेक वेळा जे थेंब हातात पडतात त्यांत प्रतिजैविक आणि स्टेरॉइड एकत्र असतात. स्टेरॉइडनं कातडीची सूज आणि खाज उतरते, म्हणून पहिले तीन दिवस छान जातात. पण त्याच वेळी कातडीची स्थानिक प्रतिकारशक्तीही मंदावते. प्रतिजैविक बुरशीला मारत नाही; ते मारतं जिवाणूंना, म्हणजे बुरशीच्या शेजाऱ्यांना, जे जागा आणि खाद्य वाटून घेत होते. शेत मोकळं झालं. कानाच्या जुन्या जिवाणूसंसर्गासाठी असे थेंब आठवडेच्या आठवडे घातलेल्या लोकांत बुरशी हमखास सापडते ती यामुळे.

शेवटी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बाई कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेल्या.

डॉक्टर बाईंनी आधी ऐकून घेतलं. मग कानाच्या दारापुढचं छोटं कूर्चेचं झाकण बोटानं हलकेच दाबलं आणि कानाची पाळी वर ओढून पाहिली. "दुखतंय का, ताई?" थोडंसं, पण कळ नाही. ही साधी तपासणी बरंच सांगून जाते. जिवाणूंमुळे नळी सुजली असेल, विहिरीत पोहून आलेल्या मुलांची उन्हाळ्यात सुजते तशी, तर तिथं हात लावला तरी रुग्ण हात झटकतो; जेवताना जबडा हलला तरी कळ जाते. बुरशीत ठणक्यापेक्षा कंड आणि दडा मोठा असतो. नियम पक्का नाही, कारण दोन्ही आजार एका कानात एकत्र नांदू शकतात, आणि बुरशी बरीच वाढली की दुखतंही. पण "खाजतंय आणि बंद झालंय" ही जोडी पावसाळ्यात ऐकली की डॉक्टरांच्या मनात पहिलं नाव बुरशीचंच येतं.

दुसरी परीक्षा कुणालाही घरी करता येईल. ओठ मिटून "म्‌म्‌म्" असा सूर धरायचा. बाईंना तो सूर उजव्या, म्हणजे बंद कानात जास्त मोठा ऐकू आला. यावरून एवढंच कळतं की आवाजाची वाट कुठं तरी अडलीय, बहुधा नळीत किंवा पडद्याच्या आसपास. आतली नस शाबूत असावी. नसेमुळे ऐकू येणं कमी झालं असतं तर सूर चांगल्या कानाकडे गेला असता.

मग दुर्बीण. कॅमेरा जोडलेली दुर्बीण असेल तर रुग्णालाही समोरच्या पडद्यावर दिसतं. बाईंनी पाहिलं आणि त्या दचकल्या. राखाडी बोळा, त्यावर काळे ठिपके. "ही काळी बुरशी का?"

२०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्रात या दोन शब्दांनी जी धास्ती घातली ती अजून गेलेली नाही. तेव्हा ज्याला काळी बुरशी म्हटलं गेलं तो म्युकरमायकोसिस. ती बुरशी निराळ्या कुळातली. ती नाकाच्या पोकळ्यांतून रक्तवाहिन्यांत शिरते, वाटेतलं मांस मारत जाते, आणि काळं दिसतं ते हे मेलेलं मांस. कानातल्या अ‍ॅस्परजिलस नायजरचं काळेपण तिच्या बीजाणूंचं, कांद्यावरच्या पुडीचं. ती कातडीच्या वरच्या थरावर वाढते आणि सहसा खाली उतरत नाही. मग बाईंनी दुसरा प्रश्न विचारला, जो त्यांच्या धंद्यात अगदी साहजिक होता: रोज दहा किलो कांदा सोलते, त्यानं झालं का? डॉक्टरांनी मान हलवली. ही बुरशी मातीत, पाचोळ्यात, धान्यात, भिंतीवर सगळीकडे असते. कांदा न खाणाऱ्यांच्या कानातही ती उगवते.

या बुरशीचं चरित्र खरं तर मजेशीर आहे. १७२९ मध्ये पिएर आंतोनिओ मिकेली या इटालियन धर्मगुरू वनस्पतिशास्त्रज्ञानं सूक्ष्मदर्शकाखाली तिचं कुळ पाहिलं, तेव्हा देठावरच्या बीजाणूंचा गोंडा त्याला चर्चमधल्या पवित्र पाणी शिंपडायच्या दांड्यासारखा दिसला. वसईच्या किंवा गोव्याच्या चर्चमध्ये गेलेल्यांनी तो पाहिला असेल. त्याचं लॅटिन नाव अ‍ॅस्परजिलम, त्यावरून अ‍ॅस्परजिलस. १९१७ मध्ये जेम्स करी या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की साखरेच्या पाकात वाढवली तर अ‍ॅस्परजिलस नायजर भरपूर सायट्रिक आम्ल बनवते. ढोकळ्यात घालायचं लिंबूसत्त्व आज बहुतांशी याच मार्गानं तयार होतं. स्वयंपाकघराशी हिचं नातं जुनं आहे, कानाशीही.

कानात दुसरी नेहमीची पाहुणी म्हणजे कॅन्डिडा, लहान मुलांच्या तोंडात पांढरे चट्टे आणणारी. तिचे ठिपके नसतात. फाटलेल्या दुधासारखा पांढरा साका दिसतो आणि कान ओलसर वाहतो. बहुतेक वेळा डोळ्यांनी पाहूनच निदान होतं. शंका असेल किंवा आजार हटत नसेल तर काढलेला बोळा तपासायला पाठवतात. काचेवर त्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की कातडीच्या पेशी विरघळतात आणि बुरशीचे धागे तेवढे उरतात.

आता उपचार. त्यातला पहिला आणि मोठा भाग औषधाचा नाहीच. तो सफाईचा आहे, आणि नेमका तोच बऱ्याचदा राहून जातो.

कारण सरळ आहे. बुरशीवरचं औषध लागलं तरच चालतं. नळीत बूच असेल तर वरून टाकलेले थेंब बुचावर थांबतात, बुचाच्या बाहेरची बुरशी मरते आणि खालची, कातडीला धरून बसलेली, जशीच्या तशी राहते. शेवाळलेल्या फरशीवर गोणपाट पसरून वरून फिनेल ओतण्यासारखं.

बाईंना पाठीवर झोपवून डोकं वळवलं गेलं. सूक्ष्मदर्शक कानावर आला. डॉक्टरांच्या एका हातात नळीचं तोंड सरळ ठेवणारं छोटं नरसाळं, दुसऱ्या हातात सक्शनची बारीक धातूची नळी. "मोठा आवाज येईल, ताई. घाबरू नका, मान हलवू नका." आवाज खरोखरच मोठा येतो, पडद्याजवळ वारा खेचला जातो, शिट्टी वाजल्यासारखं होतं. मधेच बाईंना गरगरलं. खेचल्या जाणाऱ्या हवेनं नळी थंड होते आणि तोल सांभाळणारा आतला कान त्यानं क्षणभर गोंधळतो. डॉक्टर थांबल्या, मिनिटभरात चक्कर गेली. बोळ्याचा मोठा भाग एका तुकड्यात निघाला. तो नळीच्याच आकाराचा होता, साच्यातून काढलेल्या कुल्फीसारखा. उरलेलं बारीक सळईला कापूस गुंडाळून टिपून घेतलं. खालची कातडी लालबुंद, जागोजाग सोललेली. पडदा लालसर, पण अखंड.

कान मोकळा झाल्याबरोबर बाईंना पंख्याची घरघर ऐकू आली.

पिचकारीनं पाणी मारून कान धुण्याची पद्धत साध्या मळासाठी असते. बुरशीत डॉक्टर ती शक्यतो टाळतात. ज्या ओलीमुळे आजार झाला तीच पुन्हा आत जाते, आणि बोळ्याआड पडद्याला भोक असेल तर पाणी मधल्या कानात पोचतं. बुरशीमुळेच कधी कधी पडद्याला बारीक भोक पडतं. ते बहुधा आपोआप भरूनही येतं, पण तोवर सांभाळावं लागतं. घरी पेरॉक्साइड घालून फेस काढण्याचा प्रकारही या दिवसांत नको. फेस विरतो आणि मागे पाणीच उरतं. स्टेशनाबाहेर कानकोरणं घेऊन फिरणाऱ्यांबद्दल तर इतकंच, की एकाच कोरण्यानं किती कान कोरले गेले याचा हिशोब कुणाकडे नसतो.

सफाईनंतर थेंब लिहून दिले ते क्लोट्रिमॅझोलचे, १ टक्क्याचे. भारतात मिळणाऱ्या अशा अनेक बाटल्यांत वेदना बधिर करणारं लिग्नोकेनही असतं. हे बुरशीलाच कसं लागतं आणि माणसाला का नाही, यामागची युक्ती सुरेख आहे. पेशीचं आवरण घट्ट ठेवायला माणसाच्या शरीरात कोलेस्टेरॉल वापरलं जातं. बुरशी त्याच कामासाठी एर्गोस्टेरॉल नावाचा निराळा पदार्थ वापरते. क्लोट्रिमॅझोल हा एर्गोस्टेरॉल तयार करणारं यंत्र बंद पाडतं. आवरण झिरपायला लागतं, बुरशीची वाढ खुंटते.

वाढ खुंटते, हे नीट लक्षात घ्यायला हवं. कानात टाकलेल्या मात्रेत हे औषध बुरशीला एका दमात ठार करत नाही, तिला वाढू देत नाही. बाकीचं काम कातडी करते: आपल्या त्या नखांच्या गतीनं बाहेर सरकत, बुरशी लागलेला थर घेऊन जात. म्हणून थेंब दोन ते तीन आठवडे चालू ठेवावे लागतात. खाज मात्र तीन-चार दिवसांत जाते. सगळा घोळ या दोन आकड्यांच्या मधल्या अंतरात होतो.

थेंब घालायचीही रीत आहे. बाटली दोन-तीन मिनिटं मुठीत धरून अंगाइतकी कोमट करायची. गार थेंबांनी पुन्हा तीच गरगर होते. दुखरा कान वर करून कुशीवर झोपायचं. मोठ्या माणसाच्या कानाची पाळी वर आणि मागे ओढायची म्हणजे नागमोडी नळी सरळ होते; लहान मुलाची खाली आणि मागे. चार-पाच थेंब. मग कानापुढचं ते झाकण चार-सहा वेळा हलकेच दाबायचं, त्यानं औषध पंपासारखं आत ढकललं जातं आणि हवेचा बुडबुडा बाहेर येतो. पाच मिनिटं तसंच पडून राहायचं. उठताना बाहेर येईल तेवढं टिपायचं, आत बोळा कोंबायचा नाही. दिवसातून तीनदा. थेंबांची चव घशात उतरली तर घालणं थांबवून डॉक्टरांना सांगायचं, कारण पडद्याला भोक असल्याशिवाय कानातलं औषध घशात येत नाही.

बाईंना हे सगळं सांगितलं होतं. सहा दिवस त्यांनी केलंही. सातव्या दिवशी बोलावलं होतं, पण श्रावणातल्या एका पूजेची शंभर पानांची ऑर्डर आली, खाज तर गेलेलीच होती, बाटली फडताळात राहिली. बाराव्या दिवशी कान पुन्हा चुरचुरला.

या वेळी दुर्बिणीत मोठा बोळा नव्हता. नळी बरीचशी स्वच्छ होती. पण पडद्याच्या पुढच्या बाजूला, नळीचं तळ आणि पडदा जिथं तिरपे मिळतात तिथं एक खाच असते. त्या खाचेत पांढरी लव उगवली होती, ठिपके अजून धरायचे होते. पहिल्या सफाईत तिथला चिमूटभर अंश राहिला असावा. ही खाच सरळ नजरेच्या वाटेत येत नाही, आणि सुजलेल्या नळीत तर तिथं पोचणंच कठीण. म्हणूनच बुरशीच्या कानाला एक सफाई क्वचितच पुरते. आठवड्यानं पुन्हा पाहून टिपावं लागतं. राहिलेल्या त्या चिमटीला सहा दिवसांचं औषध अपुरं पडलं.

पुन्हा सक्शन, पुन्हा थेंब. डॉक्टरांनी या वेळी "तीन आठवडे" असं न लिहिता चिठ्ठीवर शेवटची तारीखच लिहिली आणि तिच्याभोवती गोल केला. रक्तातली साखरही तपासून घेतली. बुरशी वारंवार परत येत असेल तर मधुमेह दडलेला असू शकतो. बाईंची साखर ठीक निघाली. "गोळी नाही का देत?" या प्रश्नाला उत्तर असं की साध्या कानाच्या बुरशीत पोटातून औषध सहसा लागत नाही. शिवाय लोकांच्या ओळखीची फ्लुकोनॅझोलची गोळी कॅन्डिडावर चालते, अ‍ॅस्परजिलसवर नाही. ठिपकेवाल्या कानासाठी ती गिळणं म्हणजे फुकटचा भार. जुने डॉक्टर नळीला जांभळं जेन्शन व्हायोलेट लावत. ते स्वस्त आणि गुणाचं, पण कपडे रंगवतं, आणि पडद्याला भोक असेल तर आतल्या कानाला बाधू शकतं, म्हणून मागे पडलं.

औषधाइतकाच वेळ कान कोरडा ठेवण्यावर गेला. आंघोळीपूर्वी कापसाचा बोळा व्हॅसलीनमध्ये घोळवून कानाच्या दाराशी बसवायचा, आत नाही, आणि आंघोळ होताच काढून टाकायचा. केस वाळल्याशिवाय अंबाडा नाही. फडका कानांच्या मागून बांधायचा, वरून नाही. केस वाळवायचं यंत्र घरात असेल तर अगदी मंद करून हातभर अंतरावरून कानाकडे मिनिटभर धरलं तरी चालतं. हेल्मेटवाल्यांनी त्याचं आतलं अस्तर वाळवावं. कानात घालायचे हेडफोन या दिवसांत बंद. घरातले आजोबा श्रवणयंत्र लावत असतील तर त्यांची पंचाईत मोठी, कारण यंत्राचा साचा दिवसभर नळीचं तोंड बंद करून बसतो. उपचार चालू असताना तो शक्य तितका वेळ काढून ठेवावा, पुसावा, आणि रात्री सिलिका जेलच्या डबीत टाकावा. नाहीतर बरा झालेला कान साच्यावरच्या बुरशीनं पुन्हा लागतो.

एका रुग्णाला मात्र ही सगळी वाट लागू नाही. वय झालेलं, मधुमेह बरीच वर्षं, आणि कानात कंड नव्हे तर रात्री झोपू न देणारा ठणका. त्यात तोंड एका बाजूला वाकडं व्हायला लागलं असेल तर ही कातडीवरची बुरशी नव्हे. नळीतून कवटीच्या हाडात उतरणारा संसर्ग असू शकतो. तो बहुतेकदा जिवाणूंचा असतो, क्वचित बुरशीचा, आणि त्याला त्याच दिवशी रुग्णालय लागतं.

खानावळवाल्या बाई तिसऱ्यांदा गेल्या त्या गणपती विसर्जनानंतर. चिठ्ठीवरची गोल केलेली तारीख उलटून आठवडा झाला होता. पाऊस ओसरला होता, कान ना खाजत होता ना बंद होता. डॉक्टरांनी बोलावलं होतं म्हणून आल्या. पडद्यावर नळी दिसली, फिकट गुलाबी, पुढची खाच रिकामी. दाराजवळच्या केसांच्या मुळाशी मधाच्या रंगाचा एक पातळ थर चमकत होता.

"हे काय दिसतंय पिवळं?" बाईंनी विचारलं.

"मळ आहे, ताई."

"मग काढून टाका की. आलेच आहे तर."

डॉक्टरांनी दुर्बीण बाजूला ठेवली आणि दिवा बंद केला. "दोन महिने लागले तो यायला," त्या म्हणाल्या. "राहू द्या."